दोन याद्या आणि एक शेपूट

आमच्या ऑफिसात त्यांना सगळे शेपूटकाका म्हणायचे. तोंडावर काका, पाठीमागे शेपूट. चौदा वर्षं मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसले आणि पाठीमागे मीही तेच म्हटलं, उगाच सोवळेपणा कशाला दाखवू.

आम्ही शाळेच्या घंटेचा डबा बनवतो. भिंतीवर अडकवायचा करडा डबा, वर छोटा पडदा, खाली चार बटणं. दिवसभराच्या वेळा त्यात भरलेल्या असतात आणि वेळ झाली की डबा घंटा वाजवतो. एवढंच काम. हे सांगितल्यावर लोकांचे चेहरे पडतात, कारण कॉम्प्युटरवाले म्हणजे रॉकेट उडवणारे अशी त्यांची समजूत असते. नाही उडवत. आम्ही मधली सुट्टी करतो.

डब्याचं पोट फार लहान. आतल्या चिपमध्ये इतकी कमी मेमरी की तुमच्या फोनमधला एक फोटोसुद्धा मावायचा नाही. काकांनी अठरा वर्षांपूर्वी त्यात शाळा बसवली होती. शाळेत लहान मुलं आणि मोठी मुलं, दोघांच्या घंटा वेगळ्या. म्हणून दोन याद्या. प्रत्येक घंटा म्हणजे एक कडी. कडीत वेळ लिहिलेली आणि पुढची कडी कुठे आहे तो पत्ता. कडीला कडी अडकवत साखळी तयार होते, कॉलेजात तिला लिंक्ड लिस्ट म्हणतात. आता गंमत अशी, की बहुतेक शाळांत दुपारी साडेबारानंतर लहानमोठ्यांच्या घंटा एकच होतात. मग त्याच वेळा दोनदा कशाला साठवायच्या? काकांनी दोन्ही याद्यांना पुढे एकच शेपूट जोडलं. दोन साखळ्या सकाळी वेगवेगळ्या चालतात आणि साडेबाराच्या कडीशी येऊन एक होतात. शाळा सुटायची वेळ एकदा बदलली की दोघांची बदलते. जागाही वाचते आणि चूकही टळते.

हे समजवायला त्यांच्या टेबलावर कागदाच्या क्लिपांची साखळी पडलेली असायची. दोन फाटे आणि पुढे एक दोर. नवीन कुणी आलं की काका ती सरळ करून ठेवायचे, दोन्ही हातांचं एकेक बोट दोन टोकांवर ठेवायचे आणि शेपटाचं पुराण सुरू करायचे. बोलणं लांबट, मधे मधे घसा खाकरणार, समोरच्याचा जीव जाणार. लोक पळायचे. मीसुद्धा पहिल्या वर्षानंतर कधी पूर्ण ऐकलं नाही.

बारा चाळीसला ते डबा उघडायचे, जेवणाचा. काकू झाकणात मावेल इतकं जास्तीचं भरून द्यायच्या आणि काका न बोलता ते झाकण माझ्या टेबलावर सरकवायचे. चौदा वर्षं. मी आभार मानल्याचं मला आठवत नाही. हे लक्षात ठेवा.

मग आम्हाला एका मोठ्या कंपनीने विकत घेतलं आणि त्यांच्याबरोबर दीडशहाणा आला. त्याचं पद होतं मुख्य आर्किटेक्ट. इमारत एकही बांधलेली नव्हती, पण पांढऱ्या फळ्यासमोर उभा राहिला की पृथ्वी त्यानेच आखून दिली असं वाटायचं. खिशात चार रंगांचे मार्कर. आल्या आल्या त्याने जाहीर केलं की जुन्या सगळ्या लोकांची मुलाखत होणार, नव्या माणसांची होते तश्शीच. अठरा वर्षं जो डबा तुम्ही चालवलात तो चालवता येतो का, हे फळ्यावर सिद्ध करा. नापास झालात तर एक महिन्याची नोटीस.

काका तेव्हा छप्पन्न वर्षांचे. या वयात बाहेर त्यांना कोण उभं करणार? ते स्वतःच म्हणाले, "मला हा डबा येतो गं. दुसरं काही येत नाही." तक्रार नव्हती त्यात. घड्याळात बघून वेळ सांगावी तसं सांगितलं.

मुलाखत घेणारे तिघं. दीडशहाणा, एचआरच्या बाई आणि त्या टीममधला एक माणूस असा नियम, म्हणून मी. मी टेस्टर आहे. काका लिहितात ते मोडतं का ते बघणं माझं काम. मला वाटलं, मी आत असले तर काकांना धीर येईल. केवढी ही माझी समजूत.

दीडशहाण्याने फळ्यावर दोन ओळी काढल्या. म्हणाला, "दोन याद्या आहेत, दोन्ही लहानाकडून मोठ्याकडे लावलेल्या. त्यांची मिळून एक यादी करायची, तशीच लावलेली. जास्तीची मेमरी वापरायची नाही, आहेत त्याच कड्या पुन्हा अडकवायच्या. वीस मिनिटं."

काकांनी मार्कर घेतला. टोपण काढलं. मग म्हणाले, "या दोन्ही वेगळ्या आहेत ना? पुढे शेपूट एकच नाही ना?"

एचआरच्या बाईंना हसू आलं. दीडशहाणा म्हणाला, "दोन याद्या कुठे जुळतात ते शोधा, हा माझा दुसरा प्रश्न आहे. आधी पहिला सोडवा."

"दुसरा कळल्याशिवाय पहिला कसा सोडवू?"

"काका, पुस्तकातला प्रश्न आहे. मुलं पाच मिनिटांत लिहितात."

"मुलं लिहीत असतील. पण जुळलेल्या असतील तर ते लिहिलेलं चालणार नाही. तुम्ही फक्त हो की नाही सांगा."

दीडशहाणा घड्याळ बघत बसला. हा माणूस आपल्याला प्रश्न विचारतो हेच त्याला खपत नव्हतं. काका पुन्हा म्हणाले, "हो की नाही, एवढंच." मग ते उभेच राहिले. मला सांगता आलं असतं की साहेब, आपल्या डब्यातल्या याद्या जुळलेल्याच आहेत, म्हणून विचारतायत. एक वाक्य. मी पाण्याचा ग्लास सरकवला. काकांचाही मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. अहो, लिहून टाका ना पाच ओळी, नोकरी वाचवा, शेपूट नंतर बघू. पण तो माणूस हट्टाला पेटला की पेटला. वीस मिनिटं झाली. फळा कोरा.

फॉर्मवर तीन चौकोन होते. बरोबर उत्तर, चुकीचं उत्तर, उत्तर दिलं नाही. तिघांनी आपापल्या फॉर्मवर खूण करायची होती. मी "उत्तर दिलं नाही" वर खूण केली. खरंच तर होतं, फळा कोराच होता. त्या दिवशी घरी नवरा म्हणाला, "तू तुझी नोकरी बघ." मी म्हटलं, तेच तर बघितलं.

काकांना नोटीस मिळाली. दुसऱ्या दिवशी बारा चाळीसला त्यांनी डबा उघडला, झाकण उलटं करून स्वतःच्या बाजूला ठेवलं आणि जेवले. मी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर बघण्यासारखं काही नाही, एक भिंत आहे.

इकडे दीडशहाण्याने काकांचा कोड साफ करायला घेतला. परीक्षेच्या दिवशी शाळेला लहानमोठ्यांच्या वेळा एकत्र लागतात, त्यासाठी डब्यावर एक बटण आहे. ते दाबलं की दोन याद्यांची एक यादी होते. काकांचा कोड आधी दोन्ही याद्या कुठे जुळतात ते शोधायचा आणि मगच पुढचं काम करायचा. दीडशहाण्याला ते शोधणं म्हणजे म्हातारपणाची काळजी वाटली. "विनाकारण गुंतागुंत" असा शेरा मारून त्याने ते उडवलं आणि पुस्तकातलं बसवलं. दोन बोटं दोन याद्यांवर, ज्याची वेळ लहान ती कडी उचलून नव्या साखळीला अडकव, ते बोट पुढे सरकव. देखणा कोड होता. माझ्याकडे चाचणीला आला. मी नेहमीसारखे आकडे घातले. एका यादीत एक, तीन, पाच, दुसऱ्यात दोन, चार, सहा. माझ्या चाचणीत दोन्ही याद्या वेगवेगळ्याच बनतात, जुळायचा प्रश्नच नाही. पास. मीच पास केला.

चौदा शाळांत नवा कोड गेला आणि परीक्षा सुरू झाल्या. पहिल्याच सकाळी एका मुख्याध्यापिकेचा फोन. "तुमचा डबा झोपलाय. पडद्यावर सात अठ्ठावन्नच आहे. शिपाई हाताने घंटा वाजवतोय आणि मुलं मला विचारतायत पेपर संपला का." तिच्या मागे आणखी चार फोन.

झालं काय ते मला क्लिपा घेतल्यावर कळलं. दोन्ही बोटं साडेबाराच्या जोडावर येऊन पोचली. एकाच कडीवर दोन बोटं. कोडने पहिल्या बोटाखालची कडी उचलली, ते बोट पुढे गेलं. दुसरं बोट अजून त्याच कडीवर. त्याची वेळ लहान, म्हणून कोडने तीच कडी पुन्हा उचलली आणि तिलाच अडकवली, म्हणजे कडीची पुढची कडी ती स्वतःच. आता दुसरं बोट पुढे सरकलं तरी तिथेच येणार. तीच कडी, तीच कडी, तीच कडी. डबा जन्मभर साडेबाराची कडी उचलत बसला.

दीडशहाण्याने काय केलं? आधी काकांना शिव्या घातल्या. "असलं सामाईक शेपूट कोणी ठेवतं का?" मग पाच मिनिटांत एक ओळ टाकली. दोन्ही बोटं एकाच कडीवर आली की थांब आणि शेपूट तसंच जोड. मी त्या पाच शाळांच्या वेळा घालून बघितलं. चाललं. लगेच नव्या कंपनीच्या मोठ्या साहेबांना ईमेल गेला की जुन्या कोडमधला दोष सापडला आणि दूर केला. शुक्रवारी साहेब स्वतः येणार होते, त्यांच्यासमोर प्रात्यक्षिक. तोच काकांचा शेवटचा दिवस.

गुरुवारी काका ड्रॉवर रिकामा करत होते. मी खुर्ची त्यांच्याकडे फिरवली. महिन्यानंतर पहिल्यांदा बोलले.

"काका, ती एक ओळ बरोबर आहे का?"

त्यांनी मान वर केली नाही. "सारखी वेळ घालून बघ."

"म्हणजे?"

"जोडाची वेळ साडेबारा. एखाद्या शाळेत मोठ्यांना साडेबाराला आधी स्वतःची एक लांब घंटा असते, आणि मग सगळ्यांची तीन टोल्यांची. वेळ तीच, कड्या दोन. लांब घंटेची कडी फक्त मोठ्यांच्या यादीत, जोडाच्या अगदी अलीकडे. घालून बघ."

घातलं. बटण दाबलं. डबा गपगार. मी क्लिपांवर बोटं फिरवली. लहानांचं बोट जोडावर पोचलं तेव्हा मोठ्यांचं एक कडी मागे, त्या लांब घंटेवर. दोन्हींची वेळ सारखी, आणि सारखी असली की कोड लहानांची आधी उचलतो. त्याने जोडाची कडी उचलली आणि लहानांचं बोट पुढे निघून गेलं. आता दोन्ही बोटं एका कडीवर कधी येणारच नाहीत. दीडशहाण्याची ओळ वाट बघत बसली आणि जोडाची कडी नि लांब घंटा एकमेकींना अडकून गोल गोल फिरत राहिल्या.

"हे तुम्ही का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"पहिल्याच दिवशी विचारलं होतं की. तू होतीस तिथे."

शुक्रवारी मोठे साहेब आले. दीडशहाण्याने चार रंगांत चित्र काढून दोष कसा सापडला ते सांगितलं, बटण दाबलं, डबा व्यवस्थित चालला. साहेब उठायला लागले. मी म्हटलं, "एक वेळ बदलून दाबू का?" दीडशहाण्याने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही खुर्चीच बोलली. मी लांब घंटा घातली, दाबलं. डबा अडकला.

पुढची चाळीस मिनिटं मी आयुष्यभर जपून ठेवणार आहे. दीडशहाणा फळ्यावर एक अट लिही, खोड, दुसरी लिही. हिरवा संपला, लाल काढला. लहानमोठ्यांची अदलाबदल केली, तर उलट बाजूने अडकलं. शेवटी म्हणाला, "एक तात्पुरती यादी ठेवू. पाहिलेल्या कड्या तिच्यात नोंदवत जायचं." मी म्हटलं, "कुठे ठेवू? डब्यात जागा नाही." जास्तीच्या मेमरीशिवाय सोडवायचा प्रश्न विचारणारा हा माणूस, स्वतःवर आल्यावर जास्तीची मेमरीच मागत होता.

साहेब म्हणाले, "हा मूळ कोड लिहिणारा कुठाय?"

काका आले. हातात पिशवी, निघायच्या तयारीत. त्यांनी फळ्याकडे बघितलंसुद्धा नाही. क्लिपांची साखळी टेबलावर सरळ केली आणि दोन टोकांवर दोन बोटं ठेवली.

"आधी जोड शोधायचा. एक एक पाऊल दोन्ही बोटं पुढे. ज्या बोटाची यादी संपेल त्याने दुसरीच्या सुरुवातीला जायचं. म्हणजे दोघंही शेवटी दोन्ही फाटे आणि शेपूट चालतात. चाल सारखी, म्हणून जोडावर एकदमच पोचतात. जोड नसलाच तर दोघं एकदमच संपतात." बोटं चालली, एक इकडून तिकडे गेलं, दुसरं तिकडून इकडे, आणि दोन्ही एकाच क्लिपवर येऊन थांबली. "हा जोड. आता दोन्ही याद्या इथेच संपतात असं समजायचं. अलीकडचे दोन फाटे एकत्र करायचे, सारख्या वेळा असल्या तरी चालतं, कारण जोडाला कोणी हात लावत नाही. सगळं झालं की शेवटी शेपूट अडकवायचं. एकदाच."

"जास्तीची मेमरी?" साहेबांनी विचारलं.

काकांनी दोन्ही बोटं वर करून दाखवली.

उडवलेला कोड मी परत बसवला. अकरा ओळी. लांब घंटा घालून, न घालून, सगळ्या शाळा घालून बघितल्या. डबा चालला. दीडशहाणा मार्करांची टोपणं लावत होता, रंग चुकवून.

साहेब म्हणाले, यांना ठेवा. आता एचआरच्या बाईंना वाचा फुटली. मुलाखतीचा निकाल असताना तसं करता येत नाही. तिघांपैकी दोघांच्या खुणा बदलल्या तरच. त्यांनी फाइल आणली आणि तिन्ही फॉर्म टेबलावर पसरले. दीडशहाणा म्हणाला, त्याने बघितलं तेच लिहिलं होतं, तो बदलणार नाही. बाई साहेबांकडे बघून लगेच तयार झाल्या. त्यांचं मत साहेबांच्या भुवयांवर चालतं. राहिले मी.

माझा फॉर्म माझ्यासमोर. माझी खूण, माझी सही, नीटस. खाली लिहिलेलं, बदलाचं कारण द्या. काका दाराशी उभे होते, पिशवी हातातच. पेन माझ्या हातात होतं आणि मला स्वतःची इतकी शिसारी आली की दीडशहाण्याची सगळी शिसारी त्यात बुडाली. त्याला डबा माहीत नव्हता. मला माहीत होता.

मी लिहिलं, "उमेदवाराने प्रश्न विचारला होता. उत्तर आम्ही दिलं नाही."

काकांनी पुढे येऊन कागद उचलून वाचला. चष्मा वर करून, जवळ धरून, पुन्हा वाचला. म्हणाले, "आता बरोबर आहे." आणि कागद बाईंकडे दिला.

सोमवारी ते आपल्या टेबलावर होते. क्लिपा जागच्या जागी. दीडशहाणा नव्या पोरांच्या मुलाखतीत आता विचारतो, दोन जुळलेल्या याद्या एकत्र करा, सारख्या वेळांसकट, आणि कुणी अडखळलं की हसतो. कुठून शिकला ते सांगत नाही. मी चाचणीत जुळलेल्या याद्या घालायला लागले.

बारा चाळीसला काकांनी डबा उघडला. काकूंनी पूर्वीइतकंच भरून दिलं होतं, झाकणात मावेल इतकं जास्तीचं. मी कीबोर्ड बाजूला करून टेबलावर जागा केली. काकांनी बघितलं. मग ते जास्तीचंही सावकाश, एकट्यानेच संपवलं, झाकण पुसलं आणि डबा बंद केला.